क्लिक किती आले आणि बघणारे किती टिकले

होळीच्या आठवडाभर आधी आतेबहिणीचा सांगलीहून फोन आला. तिचं पाककृतींचं छोटं यूट्यूब चॅनेल आहे. शूटिंग ती मोबाइलवर करते, एडिटिंग मी करून देतो. "अरे, त्या पाच मिनिटांतल्या पुरणपोळीला नऊ टक्के सीटीआर आलाय आणि पुरण पातळ झालं तर काय करायचं, त्या व्हिडिओला साडेचारच. मग यूट्यूब तो साडेचारवालाच लोकांना का दाखवत सुटलंय?"

प्रश्न अगदी रास्त आहे. नवीन चॅनेल चालवणारे बहुतेक जण इथेच अडकतात, कारण सीटीआर, म्हणजे क्लिकचं प्रमाण, आणि बघण्याचा सरासरी वेळ हे दोन आकडे ते सुटेसुटे बघतात. शिफारस करणारी यंत्रणा मात्र ते एकत्र बघते.

आधी हे आकडे मोजतात कसे ते बघू. तुम्ही यूट्यूब उघडलं आणि मुख्यपानावर ताईच्या व्हिडिओचं थंबनेल दिसलं, तर ते एक इम्प्रेशन झालं. पण थंबनेल निदान अर्धं तरी पडद्यावर दिसायला हवं आणि एका सेकंदापेक्षा जास्त वेळ दिसायला हवं. बोटाने सर्रकन वर ढकलताना जे निसटून जातं ते मोजलं जात नाही. अशा शंभर इम्प्रेशनमधल्या नऊ वेळा लोकांनी थंबनेलवर बोट ठेवलं, तर सीटीआर नऊ टक्के. दुसरा आकडा म्हणजे बघण्याचा सरासरी वेळ. सगळ्यांनी मिळून जितका वेळ व्हिडिओ बघितला, त्याला एकूण व्ह्यूजने भागायचं. लग्नाच्या हॉलशी तुलना करायची तर पहिला आकडा दारातून किती लोक आत आले ते सांगतो आणि दुसरा, आत आलेले पंगतीला किती वेळ बसले ते.

आता ताईचे दोन व्हिडिओ शेजारीशेजारी ठेवू. हिशेब सोपा व्हावा म्हणून दोन्हींना 10,000 इम्प्रेशन मिळाले असं धरू.

"फक्त 5 मिनिटांत पुरणपोळी" या व्हिडिओला 9 टक्क्यांनी 900 क्लिक मिळाले. बघण्याचा सरासरी वेळ 50 सेकंद. 900 गुणिले 50, म्हणजे 45,000 सेकंद, साडेबारा तास. "पुरण पातळ झालं तर" या व्हिडिओला साडेचार टक्क्यांनी 450 क्लिक. पण बघणारे सरासरी 200 सेकंद, म्हणजे 3 मिनिटं 20 सेकंद थांबले. 450 गुणिले 200, म्हणजे 90,000 सेकंद, पंचवीस तास. क्लिक निम्मे, तरी लोकांनी दिलेला वेळ दुप्पट.

आता हाच वेळ 10,000 इम्प्रेशनमध्ये वाटून बघा. पहिल्या व्हिडिओचं थंबनेल एकदा दाखवलं की यूट्यूबला सरासरी साडेचार सेकंदांचं बघणं मिळतं, दुसऱ्याचं दाखवलं की नऊ सेकंदांचं. मुख्यपानावर जागा ठरावीक असते. त्या एका चौकोनात कोणाला बसवायचं हे ठरवताना "किती टक्के लोक क्लिक करतात" एवढंच विचारून भागत नाही, आणि "आत आल्यावर किती थांबतात" एवढंच विचारूनही भागत नाही. थंबनेल दाखवल्यावर एकंदर काय हाती लागतं हा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर दोन्ही आकड्यांच्या गुणाकारात असतं.

हा गुणाकार माझ्या मनचा नाही. सुरुवातीच्या काळात यूट्यूबच्या शिफारसी क्लिकवर चालत. त्यामुळे थंबनेलवर भलतंच काही दाखवून आत बोलवायचं आणि आत काहीच द्यायचं नाही, असले व्हिडिओ वर येत राहिले. 2012 साली यूट्यूबने बघण्याच्या वेळेला महत्त्व द्यायला सुरुवात केली. हा बदल झाल्यावर लगेच व्ह्यूज 20 टक्क्यांनी घसरल्याचं यूट्यूबचे अभियंते क्रिस्टॉस गुडरो यांनी पुढे 2021 मध्ये लिहिलं. स्वतःच्याच व्यासपीठावरचे एक पंचमांश व्ह्यूज जात असतानाही त्यांनी तो निर्णय मागे घेतला नाही, यावरून नुसत्या क्लिकवरचा त्यांचा भरवसा किती उडाला होता ते कळतं.

मग 2016 मध्ये पॉल कोविंग्टन, जे अॅडम्स आणि एम्रे सार्गिन या गूगलच्या तिघांनी या यंत्रणेवर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यात दोन टप्पे सांगितले आहेत. पहिल्या टप्प्यात लाखो व्हिडिओंमधून त्या प्रेक्षकाला आवडू शकतील असे काहीशे निवडायचे. दुसऱ्या टप्प्यात त्या काहीशे व्हिडिओंची क्रमवारी लावायची. ही क्रमवारी एका इम्प्रेशनमागे किती वेळ बघितलं जाईल, या अंदाजावर लागत असे. यंत्रणेला शिकवण्यासाठी त्यांनी एक सुरेख युक्ती वापरली होती. जे इम्प्रेशन वाया गेलं, म्हणजे कोणी क्लिक केलंच नाही, त्याचं वजन 1 धरायचं. ज्यावर क्लिक झालं, त्याचं वजन तो व्हिडिओ जितका वेळ बघितला गेला तितकं धरायचं. त्यामुळे दहा सेकंदांत परत फिरलेला माणूस आणि दहा मिनिटं बसलेला माणूस, दोघांनीही क्लिक केलेलं असलं तरी त्या क्लिकची किंमत सारखी राहत नाही. नुसत्या सीटीआरने क्रमवारी लावली तर लोक पूर्ण बघत नाहीत असे फसवे व्हिडिओ वर येतात, हेही निबंधात स्पष्ट लिहिलेलं आहे. ताईच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच मिळतं.

उरलेलं अर्धं उत्तर असं की हे दोन आकडे अनेकदा एकमेकांना खाली ओढतात. थंबनेल हे चाळणीसारखं असतं. "फक्त 5 मिनिटांत पुरणपोळी" ही मोठ्या छिद्रांची चाळणी झाली. पुरणपोळी येणारी, न येणारी, डाळ शिजवायला वेळ नसलेली, नुसतं "पाच मिनिटांत कशी बुवा" या कुतूहलाने आलेली, सगळी माणसं तिच्यातून आत पडतात. आत आल्यावर दिसतं काय, तर ताई हरभरा डाळ धुऊन कुकरला लावतेय. पाच मिनिटं मोजायला सुरुवात होते ती डाळ शिजल्यानंतर. कुकर दिसला की निम्मी मंडळी तिथल्या तिथे मागे फिरतात. "पुरण पातळ झालं तर" ही बारीक चाळणी आहे. ज्या बाईचं पुरण आत्ता कढईत पातळ होऊन बसलंय आणि पाहुणे बाराला येणार आहेत, तीच त्यावर बोट ठेवते. अशा बायका कमी असतात, पण उलथनं पुरणात उभं राहीपर्यंत त्या व्हिडिओ सोडत नाहीत.

हे यूट्यूब स्टुडिओमध्ये, म्हणजे चॅनेल चालवणाऱ्याला आपली आकडेवारी जिथे बघता येते तिथे, डोळ्यांनी दिसतं. कोणत्याही व्हिडिओच्या आकडेवारीत लोक कुठवर टिकले याचा आलेख असतो आणि 30 सेकंदांनंतर किती टक्के शिल्लक होते तेही तिथे लिहिलेलं असतं. पाच मिनिटांच्या पोळीला तिसाव्या सेकंदाला 38 टक्के उरले होते, पातळ पुरणाला 71 टक्के. बघण्याचा सरासरी वेळ कमी का आला, हे शोधायला मी आधी इथेच जातो. आलेख पहिल्या अर्ध्या मिनिटात कड्यावरून पडल्यासारखा खाली आला असेल, तर थंबनेलने दिलेला शब्द आणि व्हिडिओची सुरुवात यांचं जमलेलं नसतं. सुरुवात तगून राहून पुढे कुठेतरी घसरण असेल, तर त्या मिनिटाला जाऊन बघायचं. ताईच्या एका व्हिडिओत ती घसरण नेमकी "आपलं चॅनेल सबस्क्राइब करा" या वाक्यावर होती. ते वाक्य आता आम्ही शेवटी टाकतो.

थोडं मागे येऊन लांबीबद्दलही बोलायला हवं, कारण इथे पुष्कळांचा गोंधळ होतो. चार मिनिटांचा व्हिडिओ लोकांनी निम्मा बघितला तर दोन मिनिटं झाली. बारा मिनिटांचा फक्त 30 टक्के बघितला तरी साडेतीन मिनिटांच्या वर गेला. टक्क्यांत पहिला पुढे, वेळेत दुसरा पुढे. म्हणून बघण्याच्या वेळेची तुलना साधारण सारख्या लांबीच्या आपल्याच व्हिडिओंशी करावी. यावरून "मग व्हिडिओ लांबवू या" असा अर्थ काढणं मात्र चुकीचं आहे. पाणी घातल्याने आमटी वाढते, पण पंगत उठून जाते. तिसऱ्या मिनिटाला कंटाळून गेलेला माणूस बारा मिनिटांचा व्हिडिओ असला तरी तिसऱ्याच मिनिटाला जातो.

दुसरा फोन दोन आठवड्यांनी आला, या वेळी जरा घाबरलेल्या आवाजात. "पातळ पुरणाचा सीटीआर उतरलाय रे. पहिल्या दोन दिवसांत आठ होता, आता तीनवर आलाय. थंबनेल बदलू का?"

मी म्हटलं, "ताई, हात लावू नकोस. आधी इम्प्रेशन किती झालेत ते वाच."

पहिल्या दोन दिवसांत इम्प्रेशन 3,000 होते आणि दुसऱ्या आठवड्यात 60,000. म्हणजे आधी तो व्हिडिओ तिच्या नेहमीच्या प्रेक्षकांना दिसत होता, ज्यांना तिचा आवाज आणि तिची पितळी परात ओळखीची आहे. ते क्लिक करणारच. यंत्रणेने मग तो तिला कधीच न पाहिलेल्या लोकांपर्यंत नेला. अनोळखी माणूस कमी क्लिक करतो. त्यामुळे व्हिडिओ पसरला म्हणून सीटीआर उतरला. वेळेच्या हिशेबात पाहिलं तर पहिल्या दोन दिवसांत 240 क्लिक आणि सरासरी 4 मिनिटं, म्हणजे सोळा तास. दुसऱ्या आठवड्यात 1,800 क्लिक आणि सरासरी 3 मिनिटं 10 सेकंद, म्हणजे पंचाण्णव तास. अनोळखी लोकांमध्ये जाऊनही बघण्याचा वेळ जेमतेम पन्नास सेकंदांनी घटला. व्हिडिओ पुढे जात राहण्याची ही सगळ्यात चांगली खूण. क्लिक कमी झाले, पण ज्यांनी केले ते घरच्या माणसांसारखेच थांबले.

घाबरायचं कधी, तर सीटीआर आणि इम्प्रेशन दोन्ही एकत्र उतरायला लागले की. किंवा व्हिडिओ नव्या लोकांपर्यंत गेल्याबरोबर बघण्याचा वेळ चार मिनिटांवरून एकावर आला की. त्याचा अर्थ असा की ओळखीचे लोक ताईसाठी थांबत होते, विषयासाठी नव्हे. अशा वेळी यंत्रणा थोडं चाखून बघते आणि मागे घेते.

म्हणून "चांगला सीटीआर किती?" या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर नाही. यूट्यूबच्याच मदतपानावर म्हटलंय की निम्म्या चॅनेलचा आणि व्हिडिओंचा सीटीआर 2 ते 10 टक्क्यांच्या दरम्यान असतो. इतक्या रुंद पट्ट्यात स्वतःला कुठे बसवणार? शिवाय आकडा कुठून आला यावर बरंच अवलंबून असतं. कोणी "पुरण पातळ झालं तर काय करावं" असं शोधून आलं, तर त्याला उत्तरच हवं असतं, तो जास्त क्लिक करतो. मुख्यपानावर त्याच माणसाला क्रिकेट, बातम्या आणि नाटकाचे तुकडे यांच्या मधोमध पुरण दिसतं, तिथे प्रमाण कमी येणारच. 2019 मध्ये यूट्यूबच्या यंत्रणेवर आणखी एक शोधनिबंध आला, त्यात तर ही अडचणही मांडली आहे की यादीत वर असलेल्या व्हिडिओवर लोक केवळ तो वर आहे म्हणूनही क्लिक करतात, आणि तो परिणाम वेगळा काढावा लागतो. सगळ्या स्रोतांची सरासरी एकत्र वाचली तर यातलं काहीच दिसत नाही. मुख्यपानावरून शिफारस होतेय का हे बघायचं असेल, तर स्टुडिओमध्ये प्रेक्षक कुठून आले ती यादी उघडून फक्त Browse features या ओळीतले दोन आकडे बघावेत.

या यादीमुळे आणखी एक गोष्ट उलगडली. ताई नवा व्हिडिओ आला की कुटुंबाच्या आणि भिशीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिंक टाकते. आत्या, काकू, शेजारणी प्रेमाने उघडतात, दहा सेकंद बघतात, लाइक करतात आणि बंद करतात. बाहेरच्या लिंकवरून आलेलं बघणं इम्प्रेशनमध्ये मोजलंच जात नाही, त्यामुळे सीटीआर हलत नाही. पण व्ह्यू आणि बघण्याचा वेळ मोजला जातो, म्हणून सरासरी खाली येते. तिला वाटत होतं व्हिडिओ फसला. प्रत्यक्षात मुख्यपानावरून आलेल्यांची सरासरी ठीकच होती, भिशी मंडळाने ती खाली खेचली होती. स्टुडिओत `Impressions and how they led to watch time` नावाचा एक नरसाळ्यासारखा तक्ता आहे. त्यात इम्प्रेशनपासून सुरू होऊन क्लिक, मग त्या क्लिकमधून आलेला बघण्याचा वेळ, असा फक्त यूट्यूबवरच्या थंबनेलचा हिशेब दिलेला असतो. आपला गुणाकार करायला तोच तक्ता बरा.

आणि पहिल्या दिवशी गुणाकार करू नये. 200 इम्प्रेशनवर आठ टक्के म्हणजे सोळा क्लिक. इतक्या कमी आकड्यांत नुसत्या योगायोगाने ते आठही होऊ शकले असते आणि चोवीसही, म्हणजे सीटीआर चारही आला असता आणि बाराही. काही हजार इम्प्रेशन होईपर्यंत वाट बघितलेली बरी.

या दोन आकड्यांत मावत नाही असंही बरंच आहे. यूट्यूब काही प्रेक्षकांना व्हिडिओ बघितल्यावर तारे देऊन मत विचारतं, आणि ती उत्तरं, लाइक, डिसलाइक, "यात रस नाही" असं कोणी कळवणं, हे सगळं शिफारशीत धरलं जातं. एखादा व्हिडिओ लोक चिडूनही शेवटपर्यंत बघतात. वेळेच्या हिशेबात तो चांगला दिसतो, पण त्यांना परत कधी तसलं बघायचं नसतं. शिवाय अंदाज प्रत्येक प्रेक्षकासाठी वेगळा बांधला जातो, आपल्याला स्टुडिओत दिसते ती सगळ्यांची सरासरी. त्यामुळे गुणाकार चांगला आला की व्हिडिओ पुढे जाण्याची शक्यता वाढते, एवढंच म्हणता येतं. विषयच थोड्या लोकांचा असेल तर तो त्या थोड्या लोकांपाशी थांबणारच. शॉर्ट्सना तर हा हिशेब लागूच पडत नाही, तिथे थंबनेल बघून क्लिक करणं नसतं, थांबलात की पुढे ढकललंत एवढंच असतं.

यूट्यूब स्वतः या जोडीकडे कसं बघतं याची खूण थंबनेलच्या तुलनेच्या सोयीत सापडते. एका व्हिडिओला तीनपर्यंत थंबनेल देता येतात, ती वेगवेगळ्या प्रेक्षकांना दाखवली जातात आणि जिंकणारं थंबनेल निवडलं जातं ते क्लिकवर नाही, तर बघण्याच्या एकूण वेळेतल्या वाट्यावर. आम्ही पातळ पुरणासाठी दोन लावली होती. एकात ताईने तोंडावर हात ठेवलेला. दुसऱ्यात कढईतलं सैल पुरण, त्यात आडवं पडलेलं उलथनं आणि वर "पुरण पातळ झालं?" एवढेच शब्द. मला पहिलं आवडलं होतं. दुसऱ्याला 58 टक्के वाटा मिळाला.

त्यानंतर पाच मिनिटांच्या पोळीला हात घातला. स्टुडिओच्याच एडिटरमधून सुरुवातीचा चाळीस सेकंदांचा नमस्कार आणि कुकर कापला, शिजलेल्या डाळीपासून व्हिडिओ सुरू केला आणि थंबनेलवर लिहिलं, "डाळ शिजलेली असेल तर 5 मिनिटांत पुरण". दहा दिवसांनी ताईचा फोन आला. सीटीआर नवावरून सहावर आला होता, बघण्याचा सरासरी वेळ 50 सेकंदांवरून 1 मिनिट 55 सेकंदांवर गेला होता. या वेळी तिनेच हिशेब करून ठेवला होता. "शंभरातले सहा, प्रत्येकी एकशे पंधरा सेकंद. म्हणजे एका इम्प्रेशनला सात सेकंदांच्या आसपास ना रे? आधी साडेचार होते." मी हो म्हटलं. "मग पातळ पुरणाच्या नऊला अजून पोचला नाहीये," ती म्हणाली, "कट गाळायचा भाग जरा लांबलाय, दुसऱ्या मिनिटाला लोक तिथेच जातायत. तेवढा कापून बघू?"